सात फुटांत किती थर?

नव्या गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात किंवा चौकातल्या मोठ्या फलकावर इमारतीचं संगणकावर तयार केलेलं चित्र असतं. हिरवंगार गवत, आकाशात बेताचे ढग, गॅलरीत कॉफीचा कप घेऊन उभी असलेली बाई आणि प्रवेशद्वाराशेजारी प्लास्टर न केलेल्या, उघड्या विटांची भिंत. वास्तुविशारदांच्या कार्यालयात अशा चित्राला ‘रेंडर’ म्हणतात. रेंडर कितीही झकपक असलं तरी त्याची एक तपासणी कोणालाही करता येते. दाराच्या उंबऱ्यापासून माथ्यापर्यंत विटांचे थर मोजायचे.

आपल्याकडे दार सहसा सात फुटी, म्हणजे 2100 मिलिमीटर उंच धरतात. तेवढ्या उंचीत 14 थर भरले तर प्रत्येक थर 150 मिमीचा झाला. एवढ्या उंचीचा सिमेंटचा ब्लॉक असू शकतो, पण भाजलेली लाल वीट नाही. उलट 40 थर भरले तर वीट जेमतेम चार सेंटिमीटर जाड उरते, आणि तशी वीट नेहमीच्या भट्टीवर सहसा मिळत नाही. बाजारातल्या नेहमीच्या विटेची भिंत असेल तर हा आकडा साधारण 21 ते 27 च्या दरम्यान यायला हवा. बऱ्याच चित्रांत तो येत नाही. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण घर खेळण्यातलं वाटतं.

चूक होते ती थराच्या हिशेबात. थराची उंची म्हणजे विटेची उंची अधिक तिच्याखालची मसाल्याची दरज. भारतीय मानकात, आयएस 1077 मध्ये, विटेची दोन मुख्य मापं दिली आहेत. मॉड्युलर वीट 190 × 90 × 90 मिमीची असते. दुसरी, जुन्या नऊ इंची विटेच्या वळणाची, 230 × 110 × 70 मिमीची. दरज साधारण 10 मिमीची धरतात. म्हणजे मॉड्युलर विटेचा थर 100 मिमीचा होतो आणि सात फुटी दाराला बरोबर 21 थर बसतात. खिडकीचा तळ 900 मिमीवर असेल तर तो नवव्या थरावर येतो. सगळं दशमानात बसावं म्हणूनच ही वीट आखली गेली. तरी महाराष्ट्रात जागेवर गेलं की हाती बहुतेक वेळा नऊ इंची वळणाचीच वीट पडते, आणि तिचं माप भट्टीगणिक थोडं बदलतं. त्यामुळे कसलेला गवंडी मानकाचं पुस्तक न उघडता आलेल्या गाडीतल्या दहा-वीस विटा एका ओळीत लावून मोजतो आणि सरासरी काढतो. रेंडर करणाऱ्यानेही कामाची सुरुवात तिथूनच करावी.

समजा, एका बंगल्याची दर्शनी भिंत 230 × 110 × 70 च्या विटेत करायची आहे. दार 2100 मिमी, खिडकीचा तळ 900 मिमी. 70 अधिक 10 म्हणजे 80 मिमीचा थर. 2100 ला 80 ने भागलं की 26.25 येतात. पाव थर भिंतीत घालता येत नाही. 26 थरांवर थांबलं तर उंची 2080 होते आणि चौकटीच्या माथ्याशी 20 मिमीची फट राहते. ती फट मसाल्याने बुजवली की नेमकी दारावर, सगळ्यांच्या नजरेसमोर, एक जाड पांढरी रेघ उमटते. जाणता गवंडी ते 20 मिमी 26 दरजांत वाटून टाकतो. 2100 भागिले 26 म्हणजे 80.8 मिमी, दरज 10 ऐवजी 10.8 ची झाली. पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. एका सरळ लाकडी पट्टीवर या 80.8 च्या खुणा करून ती कोपऱ्याला उभी धरली जाते, आणि प्रत्येक थराची दोरी त्या खुणेला बांधली जाते. याच हिशेबाने खिडकीचा तळ अकराव्या थरावर, म्हणजे सुमारे 889 मिमीवर येतो. नकाशात 900 लिहिलेलं असतं. इथे भिंतीने नकाशाचं ऐकायचं नसतं, नकाशाने भिंतीचं ऐकायचं असतं. 11 मिमी खाली आलेल्या खिडकीची कोणी तक्रार करत नाही, अर्ध्यात कापलेल्या थराची मात्र करतात.

रुंदीलाही असाच हिशेब आहे, फक्त त्यात एक गोम आहे. अर्ध्या विटेचं पाऊल 120 मिमीचं पडतं: 110 ची वीट आणि 10 ची दरज. दोन उघाड्यांमधला भिंतीचा पट्टा विटेने सुरू होतो आणि विटेनेच संपतो, म्हणून त्यात एक दरज कमी असते. दार किंवा खिडकीच्या पोकळीला मात्र दोन्ही अंगांना दरजेची जागा लागते, म्हणून तिथे एक दरज जास्त. 1200 च्या खिडकीसाठी दहा पावलं अधिक 10, म्हणजे 1210 ची पोकळी सोडावी लागते. दार आणि खिडकी यांच्यामध्ये नकाशात 900 चा पट्टा दाखवला असेल तर तो बसतच नाही. सात पावलांचा केला तर 830, आठचा केला तर 950. रेंडरमध्ये 900 तसाच ठेवला की खिडकीच्या कडेला विटांचे बोटभर तुकडे दिसू लागतात. प्रत्यक्षात असे तुकडे कोणी लावत नाही. गवंडी पहिला थर मसाल्याशिवाय कोरडा मांडून बघतो तो याचसाठी.

आता विटा एकमेकींवर कशा बसवायच्या ते. रनिंग बाँडमध्ये प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा अर्धी वीट सरकवलेला असतो. उभी दरज वरच्या विटेच्या मध्याखाली येते आणि सांधा मोडतो. भार एका विटेवरून खालच्या दोन विटांवर जातो, चीर सरळ खाली धावू शकत नाही. नऊ इंची भिंतीत एवढ्यावर भागत नाही, कारण दर्शनी आणि आतली अशा दोन फळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात. म्हणून इंग्लिश बाँडमध्ये एक थर लांब अंगाच्या विटांचा आणि एक थर नुसत्या डोक्यांचा येतो. स्टॅक बाँडमध्ये सांधा मोडतच नाही. वीट विटेच्या बरोबर डोक्यावर, उभ्या दरजा तळापासून माथ्यापर्यंत सरळ.

ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विटांसाठी Brick Texture नावाचं तयार साधन आहे, आणि गंमत म्हणजे वरचा सगळा हिशेब त्यात थेट भरता येतो. बहुतेक जण मात्र त्यातले मूळ आकडे तसेच ठेवतात आणि Scale ची संख्या ‘बरी दिसेपर्यंत’ वरखाली करतात. मूळ आकड्यांत विटेचं पाऊल थराच्या दुप्पट असतं. नऊ इंची विटेत ते तिप्पट असतं, 240 ला 80. त्यामुळे Scale कितीही फिरवला तरी ती वीट आखूड आणि गुबगुबीतच राहते. आपल्या बंगल्याच्या भिंतीसाठी, एक एकक म्हणजे एक मीटर धरून, आकडे असे येतील:

```
Scale          1.0
Brick Width    0.240
Row Height     0.0808
Mortar Size    0.005
Mortar Smooth  0.0
Offset         0.5
Offset Frequency  2
```

यातल्या दोन जागी हमखास चुकतं. Brick Width आणि Row Height ही नुसत्या विटेची मापं नसून दरजेसकटची आहेत, तिथे 0.230 आणि 0.070 भरले तर प्रत्येक वीट एका दरजेने लहान होते. दुसरी चूक जास्त फसवी. Mortar Size मध्ये 0.005 का, 0.010 का नाही? कारण हे साधन विटेच्या चौकटीच्या प्रत्येक कडेपासून आत मोजतं. एका विटेच्या कडेचे 5 आणि शेजारणीच्या कडेचे 5 मिळून 10 मिमीची दरज दिसते. तिथे 0.010 भरलं की दरज 20 मिमीची होते, आणि फलकांवरच्या अनेक भिंतींत दिसतो तो जाळीसारखा पांढरा पसारा तयार होतो. शिवाय आडव्या आणि उभ्या दरजेला हा एकच आकडा लागतो. दोन्ही वेगळ्या जाडीच्या हव्या असतील तर हे साधन कामाचं नाही. आपल्या उदाहरणात आडवी दरज 10.8 ऐवजी 10 ची राहते आणि विटा पाऊण मिलिमीटरने उंच होतात, ते चालून जातं.

हे मीटर खरोखरचे मीटर असावे लागतात. भिंत एका लहान ठोकळ्याला ताणून केलेली असेल तर विटाही त्याच्याबरोबर ताणल्या जातात. आधी Apply Scale करून ते ताणणं मोडून टाकावं लागतं. हे साधन नमुना फक्त आडव्या पातळीवर काढतं हेही ध्यानात ठेवायला हवं. उभ्या भिंतीला Object हे निर्देशांक तसेच दिले तर थरांऐवजी खालीवर धावणारे पट्टे दिसतात. भिंतीचा पृष्ठभाग उलगडून, त्याला UV देऊन, त्यावर मीटरमध्ये विटा मांडणं हा सरळ मार्ग.

Offset मध्ये शून्य भरला की रनिंग बाँडचा स्टॅक बाँड होतो. आणि Offset 0.5 ठेवून Squash 0.5 आणि Squash Frequency 2 केलं की एकाआड एक थरात निम्म्या रुंदीच्या विटा येतात, त्या स्वतःच्या निम्म्याने सरकतात, आणि खालच्या उभ्या दरजेवर डोक्याचा मध्य बरोबर बसतो. हाच इंग्लिश बाँड. साधन बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम साधला की आपोआप साधला गेला, कोण जाणे. पण साधला आहे अचूक.

एवढं नीट जमलेली भिंतही कोपऱ्यावर उघडी पडते. साडेचार इंची भिंतीत कोपऱ्यावरची वीट दोन्ही बाजूंनी दिसते: एका अंगाने तिची 230 ची लांबी, दुसऱ्या अंगाने 110 चं डोकं. वरच्या थरात हे उलटं. म्हणजे एका दर्शनी बाजूला पहिला थर अख्ख्या विटेने सुरू होत असेल तर शेजारच्या बाजूला तोच थर डोक्याने सुरू व्हायला हवा. संगणकात दोन्ही बाजूंना एकच नमुना चिकटवला की एकाच थरात दोन्हीकडे अख्खी वीट येते. ती खरी असायची तर इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची वीट भाजावी लागेल. सलग कागदासारखा नमुना कोपऱ्यावरून वळवला तर वीट मधोमध दुमडल्यासारखी दिसते, आणि ते तर आणखी वाईट.

उपाय छोटा आहे. दुसऱ्या बाजूचा नमुना अर्ध्या पावलाने, 120 मिमीने सरकवायचा. शिवाय दोन्ही बाजूंना कोपऱ्यापासून 5 मिमी आत घ्यायचा, कारण नमुन्याची चौकट अर्ध्या दरजेने सुरू होते आणि कोपऱ्याच्या धारेवर मसाल्याची उभी रेघ कधीच नसते. तेवढं केलं की अख्ख्या विटेच्या थरात 230 आणि अर्ध्याच्या थरात 110 नेमके उरतात. इंग्लिश बाँडला मात्र हा उपाय पुरत नाही. तिथे कोपऱ्याच्या डोक्याशेजारी ‘क्वीन क्लोजर’ हा उभा चिरलेला अर्धा तुकडा घालावा लागतो, तो या साधनाला येत नाही. कोपऱ्याच्या विटा वेगळ्या मांडाव्या लागतात.

दार-खिडकीच्या माथ्यावर आणखी एक लबाडी खपून जाते. विटांचा थर पोकळीवरून तसाच सरळ पुढे गेलेला दाखवतात, जणू त्या विटा हवेत तरंगताहेत. खरं तर तिथे काँक्रीटचा लिंटेल किंवा लोखंडी अँगल असतो, किंवा विटा उभ्या करून लावलेल्या असतात. उभ्या विटेची 230 अधिक 10 म्हणजे 240, आणि ते आपल्या तीन थरांशी जवळपास जुळतं. दोन मिमीचा फरक दरजेत जिरतो. मॉड्युलर विटेत उभी वीट 200 ची, बरोबर दोन थर.

स्टॅक बाँड सध्या वास्तुविशारदांचा लाडका आहे. दरजांची चौकोनी जाळी आधुनिक दिसते आणि रेंडरमध्ये ती काढायला तर सर्वांत सोपी. बांधायला मात्र ती सर्वांत हट्टी. पहिली अडचण ताकदीची. अमेरिकेतल्या वीटकामाच्या संहितेनुसार विटा किमान पाव लांबीने एकमेकींवर चढलेल्या असतील तरच त्याला रनिंग बाँड म्हणायचं. नसतील तर भिंतीत आडव्या सळ्यांचं किमान प्रमाण घालावं लागतं. सांधा मोडलेला नसला की भिंत म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या चवडी. म्हणून स्टॅक बाँड बहुतेक वेळा मागच्या काँक्रीटला तारांनी किंवा पट्ट्यांनी बांधलेला दर्शनी थर असतो, भार घेणारी भिंत नव्हे.

दुसरी अडचण विटेच्या स्वभावाची. आयएस 1077 नुसार 20 मॉड्युलर विटा ओळीत लावल्या तर त्यांची एकूण लांबी 3720 ते 3880 मिमीच्या दरम्यान चालते. म्हणजे सरासरीने वीटमागे चार मिमी इकडेतिकडे. रनिंग बाँडमध्ये ही तफावत खपते, कारण उभी दरज एका थराआड दिसते आणि मधल्या विटेमुळे नजर सरळ रेघ शोधत नाही. स्टॅक बाँडमध्ये वरपासून खालपर्यंत एकच रेघ असते. विटा रेघेच्या मध्यावर बसवल्या तर दोन आखूड विटांमधली दरज 14 मिमीची आणि दोन लांबट विटांमधली 6 मिमीची होते, तीही एकाच रेघेत, एकमेकींच्या डोक्यावर. ओळंबा लावून बांधली तरी ती रेघ थरथरलेली दिसते. म्हणून हाताने थापलेल्या, कडा झिजलेल्या विटेचा फोटो घेऊन त्याचा सुईसारख्या सरळ रेघांचा स्टॅक बाँड करणं हे चित्र घरमालकाला न मिळणाऱ्या भिंतीचं वचन देतं. यंत्रावर कापलेल्या, मापात निवडलेल्या विटा किंवा विटेच्या टाइल्स असतील तरच ते खरं ठरतं, आणि त्यांचा पोत गुळगुळीत, कडा धारदार असतात. चित्रातही तसंच दिसायला हवं.

दरजेचा रंग आणि खोली हा प्रकार तर भिंतीचं अख्खं रूप पालटतो. शिकागोतलं फ्रँक लॉइड राइटचं रोबी हाउस 1910 च्या सुमाराचं. विटा तिथेही एकमेकींवर सरकवूनच लावल्या आहेत. पण राइटने आडव्या दरजांत फिकट मसाला भरला आणि उभ्या दरजांत विटेच्याच रंगाचा. उभ्या रेघा विरून गेल्या, आणि सगळं घर लांबच लांब आडव्या पट्ट्यांचं दिसू लागलं. हे घर रेंडर करताना दोन्ही दरजांना एकच राखाडी रंग दिला तर मापं मिलिमीटरला जुळूनही ते घर ओळखू येणार नाही.

खोलीचं गणित सूर्याच्या हाती असतं. पुण्यात 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो. दक्षिणेकडच्या भिंतीत आडवी दरज 6 मिमी खोल खरवडलेली असेल तर वरच्या विटेची सावली तिच्यात सुमारे 6.7 मिमी उतरते. 10 मिमीच्या दरजेचा दोन तृतीयांश भाग काळा होतो. मार्चच्या विषुवदिनी सूर्य 71 अंशांच्या वर चढतो आणि तीच दरज पूर्ण सावलीत जाते. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी दुपारच्या चित्रात खोल दरजेचा मसाला पांढरा आहे की राखाडी, याने आडव्या रेघेला फारसा फरक पडत नाही. ती गडदच दिसते. सपाट भरलेली दरज मात्र त्याच उन्हात लख्ख उजळते. संगणकात ‘बंप’ वापरून खोलीचा नुसता भास केला तर ही सावली पडतच नाही. तिच्यासाठी पृष्ठभाग खरोखर आत ढकलणारं ‘डिस्प्लेसमेंट’ लागतं. आणि Brick Texture ची Fac ही बाहेर येणारी किंमत मसाल्याच्या जागी 1 असते. ती उलटी न करता खोलीसाठी जोडली की विटा आत जातात आणि मसाला दोरीसारखा वर फुगतो. चित्रात सूर्य डावीकडे असताना उजेड दरजांच्या चुकीच्या कडेला पडलेला दिसला तर समजावं, इथे उलटं करायचं राहिलं आहे.

या सगळ्याला अंतराची मर्यादा आहे. 12 मीटरची भिंत 1920 ठिपक्यांच्या रुंदीत मावली की एक ठिपका 6.25 मिमीचा होतो. 10 मिमीची दरज दीड ठिपक्यात सापडते आणि भिंतीवर पाण्याच्या लाटांसारखे खोटे पट्टे उमटतात. तो घोळ घालवण्यासाठी दरज जाड करण्याचा मोह होतो, आणि 25 मिमीच्या दरजा जन्माला येतात. त्यापेक्षा चित्र दुप्पट मोठं काढून मग लहान करावं. दूरवरून दरजा पुसटच दिसायच्या असतात.

मापाचे हे सगळे नियम जाणूनबुजून झुगारणारी भिंतही आहे. स्वीडनमधल्या क्लिप्पान गावात सिगुर्ड लेव्हेरेंट्झने 1963 ते 1966 मध्ये सेंट पीटर चर्च बांधलं, तेव्हा एकही वीट कापायची नाही असा दंडक घातला. वीट बसत नसेल तर तिची जागा बदलायची आणि उरलेली जागा मसाल्याने भरायची. त्यामुळे तिथल्या दरजा कुठे बोटभर, तर कुठे त्याहून जाड आहेत. Offset, Row Height, Mortar Size यांतला कोणताही आकडा त्या भिंतीचं वर्णन करू शकत नाही. ती रेंडर करायची तर छायाचित्र समोर ठेवून एकेक वीट हाताने मांडण्याला पर्याय नाही.